शब्द टाकला, पण किती वजनाचा?

समजा, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग टीमची मॅनेजर एका जागेसाठी माणूस शोधते आहे. चार ते सहा वर्षांचा अनुभव हवा, ऑटोमेशनचं काम स्वतःच्या हातांनी केलेलं हवं, पेमेंट किंवा बँकिंगची माहिती असेल तर उत्तम. एकाच आठवड्यात तिला दोन वरिष्ठांचे निरोप येतात.

पहिला निरोप दुसऱ्या विभागाच्या व्हाइस प्रेसिडेंटचा आहे: ‘सोबत एका मुलाचा रेझ्युमे पाठवतोय. चांगल्या घरातला, अतिशय मेहनती मुलगा आहे. बदल शोधतोय. तुमच्याकडे काही जमण्यासारखं असेल तर जरूर बघ. अर्थात, सगळं प्रोसेसप्रमाणेच होऊ दे.’

दुसरा एका सीनियर आर्किटेक्टचा: ‘तुझी ऑटोमेशनची जागा अजून रिकामी आहे ना? मागच्या कंपनीत माझ्याबरोबर दोन वर्षं काम केलेली एक मुलगी आहे. रिलीजच्या आदल्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की नेटवर्क तुटलं तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातायत. मी रिलीज पुढे ढकलायला तयार नव्हतो, तिने मला लॉग दाखवून ढकलायला लावलं. बोलायला जरा तुटक आहे, इंटरव्ह्यूमध्ये पहिली दहा मिनिटं काही कळणार नाही. माझ्याकडे जागा असती तर तुला सांगितलंच नसतं. संध्याकाळी सहानंतर फोन कर, सविस्तर बोलू.’

दोन्हींना ऑफिसच्या बोलीत ‘रेफरन्स आला’ असंच म्हणतात. पहिल्यात विशेषणं जास्त आहेत आणि पाठवणाऱ्याचा हुद्दाही मोठा आहे. दुसऱ्यात तर उमेदवाराचा एक दोषही सांगितला आहे. तरी ज्यांनी थोडीफार माणसं निवडली आहेत त्यांना दुसऱ्या निरोपाचं वजन लगेच जाणवेल. हे वजन नेमकं कुठून येतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण प्रत्यक्षात येणारे बहुतेक निरोप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

शिफारसपत्राच्या वाचनाबद्दल एक प्रसिद्ध उदाहरण पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने दिलं आहे. १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून आलेला त्याचा निबंध १९७५मध्ये छापला गेला. त्यात तो म्हणतो, की एक विद्यार्थी तत्त्वज्ञान शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज करतो आणि त्याचे शिक्षक त्याच्याबद्दल पत्र लिहितात. पत्रात एवढंच असतं, की विद्यार्थ्याचं इंग्रजी उत्तम आहे आणि तो वर्गाला नियमित येतो. तत्त्वज्ञानाबद्दल एक अक्षर नाही. वाचणारा काय ते समजतो. शिक्षक त्याला ओळखतात, नोकरी कसली आहे हेही त्यांना माहीत आहे, आणि तरीही ते मुद्द्याचं बोलत नाहीत. म्हणजे जे लिहायला त्यांचा हात धजत नाही, तेच त्यांना सांगायचं आहे.

हे उदाहरण वाचून अनेक जण एक घाईचा निष्कर्ष काढतात: कामाबद्दल मौन म्हणजे काम वाईट. पण ग्राइसचं गणित एका अटीवर उभं आहे. लिहिणाऱ्याला ते काम माहीत असलं पाहिजे. आपल्या व्हाइस प्रेसिडेंटनी त्या मुलाचं काम कधी पाहिलेलंच नसेल, तर त्यांच्या मौनातून मुलाबद्दल काहीच कळत नाही, ना चांगलं ना वाईट. ती कोरी पाटी आहे. याउलट, त्याच मुलाबरोबर तीन वर्षं काम केलेल्या टीम लीडने ‘मेहनती आहे, स्वभावाने छान आहे’ एवढ्यावर थांबणं ही गंभीर गोष्ट आहे. शब्द तेच, अर्थ वेगळा.

म्हणून निरोप वाचताना पहिल्यांदा विशेषणांकडे न बघता पाठवणारा उमेदवाराला कुठून ओळखतो ते शोधावं. आर्किटेक्टनी ते पहिल्याच दोन वाक्यांत सांगून टाकलं: मागची कंपनी, दोन वर्षं, माझ्याबरोबर. व्हाइस प्रेसिडेंटच्या निरोपात ओळखीचा धागाच नाही. ‘चांगल्या घरातला’ हे शब्द मात्र सांगतात, की त्यांना माहीत आहे ते घर. आपल्याकडे अशा निरोपांमागे सोसायटीतले शेजारी असतात, बहिणीच्या सासरचे असतात, जुने शिक्षक असतात. त्यांना नाही म्हणणं अवघड असतं आणि म्हणू नयेसंही वाटतं. वरिष्ठ रेझ्युमे पुढे पाठवतात ते त्या नात्याचा मान राखायला. यात काही खोटं नाही. त्यांनी शेजाऱ्याला ‘पाठवतो’ असा शब्द दिला होता आणि पाठवून तो पाळला.

दुसरी खूण म्हणजे त्या निरोपात घडलेली एखादी गोष्ट आहे का. ‘अतिशय मेहनती’ हे कोणाबद्दलही लिहिता येतं. दोनदा कापलेल्या पैशांची हकिगत एकाच माणसाची असू शकते. शिवाय त्या हकिगतीत आर्किटेक्टनी स्वतःची बाजू पडती दाखवली आहे: ते ऐकत नव्हते आणि तिने त्यांना ऐकायला लावलं. दुसऱ्याच्या गुणासाठी माणूस स्वतःकडे थोडा कमीपणा घेतो, तेव्हा तो केवळ सौजन्यापोटी बोलत नसतो. टेस्टिंगच्या कामात नेमका हाच गुण लागतो. दोष सापडणं एकवेळ सोपं असतं, रिलीजच्या आदल्या दिवशी वरिष्ठाला थांबवणं अवघड. म्हणजे ही हकिगत जागेला धरूनही आहे.

तिसरी खूण अनेकांना उलटी वाटते. ती म्हणजे दोषाचा उल्लेख. ‘तुटक बोलते, पहिली दहा मिनिटं कळणार नाही’ असं लिहिणाऱ्याने इंटरव्ह्यू मनात पाहिलेला असतो. ती कुठे अडखळेल आणि त्यामुळे तुम्ही कुठे चुकाल याचा त्याने विचार केलेला असतो. शिष्टाचाराच्या निरोपात दोष नसतो, कारण तिथे उमेदवाराला त्या खुर्चीत बसलेलं कल्पून पाहायची गरजच पडलेली नसते.

आणि चौथी: तो निरोप कुठल्या जागेसाठी आहे? ‘काही जमण्यासारखं असेल तर’ हा निरोप कोणत्याही मॅनेजरला, कोणत्याही दिवशी पाठवता येईल. बऱ्याचदा तो खरोखरच चार जणांना गेलेला असतो. आर्किटेक्टनी मात्र जागा ओळखून, ती रिकामी असल्याची खात्री करत सुरुवात केली.

‘प्रोसेसप्रमाणेच होऊ दे’ या वाक्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्याचा फार चुकीचा अर्थ लावला जातो. काहींना त्यात छुपा हुकूम दिसतो: साहेब तोंडाने तसं म्हणतात, पण घ्यायला सांगतात. क्वचित तसं असतंही. पण बहुतेक वेळा हे वाक्य मोकळेपणाने दिलेली परवानगी असते: तू नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही. एकट्या या वाक्यावरून शिफारस कमजोर ठरत नाही, कारण शिस्तीची माणसं जोरदार शिफारशीनंतरही हे लिहितात. त्याच्या आधी काय आहे ते पाहावं. आधी ठोस मजकूर असेल तर ती सभ्यता असते. आधी काहीच नसेल तर निरोपाचा सगळा सारांश त्या एका वाक्यात असतो.

जर्मनीत या सगळ्यावर एक पद्धतच बसली आहे. तिथे नोकरी सोडणाऱ्याला कामाचं लेखी प्रमाणपत्र मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. ते खरं असलं पाहिजे आणि त्याच्या पुढच्या वाटचालीत आडवंही येता कामा नये. या दोन अटींमधून ठरीव वाक्यांची एक श्रेणी तयार झाली. ‘आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे काम केलं’ हे आपल्याला कौतुक वाटेल, पण तिथे त्याचा अर्थ साधारण मधल्या दर्जाचं काम असा होतो. सर्वांत वरच्या दर्जासाठी ‘नेहमीच’ हा शब्द आणि समाधानाची त्याहून चढती, अगदी टोकाची पायरी लिहावी लागते. सगळे एकाच पट्टीने लिहितात म्हणून सगळ्यांना वाचता येतं.

आपल्याकडे अशी सामाईक पट्टी नाही. प्रत्येक वरिष्ठाची पट्टी वेगळी आहे आणि ती त्याच्याच जुन्या निरोपांतून काढावी लागते. एखादे साहेब प्रत्येकाला ‘रॉकस्टार’ म्हणतात. दुसऱ्या एखाद्या बाई वर्षानुवर्षं कुणाबद्दल लिहीत नाहीत आणि लिहिलंच तर ‘काम नीट करतो, घ्यायला हरकत नाही’ एवढंच. त्यांचं ‘हरकत नाही’ पहिल्याच्या दहा ‘रॉकस्टार’हून भारी असू शकतं. त्यामुळे निरोप आला की मेलबॉक्समध्ये किंवा व्हॉट्सॲपवर त्याच व्यक्तीने आधी कुणाला पाठवलं होतं, काय लिहिलं होतं आणि त्या माणसांचं पुढे काय झालं, हे एकदा शोधून पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून जे कळतं ते निरोपाच्या शब्दांतून कधीच कळणार नाही.

निरोप कसा आला, हेही पाहण्यासारखं असतं. मेल फॉरवर्ड होऊन आला असेल तर खाली उतरत जाऊन मूळ मेल वाचावा. अनेकदा तिथे उमेदवाराच्या वडिलांनी वरिष्ठांना लिहिलेलं पत्र जसंच्या तसं लोंबकळत असतं आणि सगळा उलगडा होतो. सीसीमध्ये उमेदवार स्वतः असेल तर तो मजकूर त्याच्या देखत लिहिलेला आहे हे लक्षात ठेवावं. समोर बसलेल्या माणसाबद्दल आपण जसं बोलतो तसंच तिथे लिहिलं जाणार, दोष येणारच नाहीत. अशा मेलवरून शिफारशीचा जोर ठरवूच नये, फोन करावा. आणि सीसीमध्ये तुमच्या बॉसला घेतलं असेल, तर दबाव वाढला आहे हे खरं, पण उमेदवाराबद्दलची तुमची माहिती त्यामुळे कणभरही वाढलेली नाही. पाठवणाऱ्याचं वजन आणि शिफारशीचं वजन या दोन गोष्टी मनात कायम वेगळ्या ठेवाव्या लागतात. वरिष्ठांच्या निरोपाला घाबरून चुकणारे बहुतेक जण इथेच चुकतात.

कंपनीच्या रेफरल पोर्टलवरून आलेल्या नावांचा हिशेब आणखी निराळा. अनेक कंपन्यांत उमेदवार रुजू होऊन काही महिने टिकला की सुचवणाऱ्याला बोनस मिळतो, त्यामुळे लिंक्डइनवर ओळख झालेल्या, कधीही न भेटलेल्या माणसांची नावंही पोर्टलवर टाकली जातात. तिथे ‘उमेदवाराला कसे ओळखता’ हा रकाना असतो. त्यात ‘एकत्र काम केलं’ असं नसेल, तर ती नोंद साध्या अर्जासारखीच वाचावी.

एवढं करूनही शंका उरलीच तर फोनला पर्याय नाही. मात्र फोनवर ‘कसा आहे मुलगा?’ विचारलं की उत्तर ‘चांगला आहे’ असंच येतं. विचारायचं ते असं, की ज्याला माहीत आहे त्याला बोलत राहावंसं वाटेल आणि ज्याला माहीत नाही त्याला सहज सुटता येईल. आपली मॅनेजर व्हाइस प्रेसिडेंटना फोन करते आणि म्हणते, “सर, रेझ्युमे मिळाला. तुम्ही त्याच्याबरोबर कुठल्या कामावर होतात?” ते म्हणतात, “नाही गं, काम नाही केलेलं. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, त्यांचा मुलगा. मी म्हटलं पाठवतो. तू बघ, नसेल बसत तर नसेल.” मिनिटभरात सगळं स्पष्ट होतं आणि कुणालाही संकोच वाटत नाही.

आर्किटेक्टना ती वेगळा प्रश्न विचारते: “पहिल्या तीन महिन्यांत तिला कुठे मदत लागेल?” ज्याने मनापासून शिफारस केली आहे त्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं. ते सांगतात, की ऑटोमेशन तिने जावा आणि सेलेनियमवर केलं आहे, तुमच्याकडे पायथन आणि प्लेराइट आहे, तर टूल शिकायला तिला काही आठवडे जातील. पण काय तपासायचं हे तिला कुणी शिकवावं लागणार नाही. इथे निर्णयाला उपयोगी पडेल असं काहीतरी हाती लागलं. या प्रश्नावर समोरचा गडबडला, ‘नाही नाही, काहीच मदत लागणार नाही’ म्हणाला, तर निरोपात कितीही जोर असला तरी माहिती पातळ आहे असं समजावं.

आता पुढचं पाऊल. दोन दिवसांनी व्हाइस प्रेसिडेंटचा मेसेज येतो: ‘त्या मुलाचं काय झालं?’ इथे पुष्कळ मॅनेजर घाबरतात. साहेबांनी परत विचारलं म्हणजे त्यांना हा माणूस हवाच आहे, असं मानून त्या मुलाला इंटरव्ह्यूच्या दोन-तीन फेऱ्यांना बोलावतात. त्याचा रेझ्युमे सांगत असतो, की अनुभव दोन वर्षांचा, सगळा मॅन्युअल टेस्टिंगचा. जागेशी त्याचा मेळ नाही हे पहिल्याच वाचनात दिसलेलं असतं. तरी तो सुट्टी काढून येतो, घरच्यांच्या आशा वाढतात आणि तीन आठवड्यांनी नकार जातो. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते. मोठ्यांच्या सौजन्याचा चुकीचा अर्थ लावल्याची किंमत त्या मुलाने मोजलेली असते.

परत विचारण्यामागचा हेतू ओळखायला एक साधी बाब पुरते: ते निर्णयाबद्दल विचारतायत की बातमीबद्दल? सौजन्यापोटी रेझ्युमे पाठवणाऱ्याला शेजाऱ्याला काहीतरी सांगायचं असतं. लिफ्टमध्ये रोज गाठ पडते. त्यांना नोकरी नको असते, उत्तर हवं असतं, आणि लवकर हवं असतं. जोर लावणारा माणूस वेगळं विचारतो: इंटरव्ह्यू कोण घेतंय, अडलंय कुठे, मी तिच्याशी बोलू का, नोटीस पिरियड कमी करता येईल का. तो पुढच्या अडचणी सोडवायला येतो. निरोपात उमजलं नाही तरी पाठपुराव्यात सहसा उमजतं.

म्हणून व्हाइस प्रेसिडेंटना त्याच दिवशी जायला हवं होतं असं उत्तर साधारण असं असेल: ‘सर, रेझ्युमे पाहिला. या जागेला ऑटोमेशनचा चार वर्षांचा अनुभव लागतो, त्याचा दोन वर्षांचा मॅन्युअलचा आहे, म्हणून इथे पुढे नेत नाही. ज्युनियर जागांसाठी रिक्रूटरकडे नाव दिलं आहे, त्यांच्याकडून त्याला आठवड्याभरात कळेल. एखादं ऑटोमेशन टूल शिकून छोटा प्रोजेक्ट केला तर पुढच्या वेळी फरक पडेल, असं त्याला जरूर सांगा.’ वरिष्ठांना शेजाऱ्याला सांगायला काहीतरी मिळालं आणि मुलालाही पुढची दिशा मिळाली. ‘रिक्रूटरकडे नाव दिलं’ हे मात्र खरोखर दिलेलं असावं.

दुसऱ्या बाजूचा धोकाही तेवढाच खरा आहे. शिफारस मनापासूनची असली म्हणजे ती बरोबरच असते, असं नाही. आर्किटेक्टनी जे पाहिलं ते त्यांच्या कंपनीत, त्यांच्या हाताखाली, तिथल्या वेगाने झालेलं काम होतं. रिलीज थांबवायचं धाडस तिने दाखवलं, कारण तिथे ऐकून घेणारा वरिष्ठ होता. ऐकून न घेणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरसमोर ती काय करेल, हे त्या निरोपात नाही. म्हणून इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारायचं: तुझं म्हणणं मान्य झालं नाही असा प्रसंग सांग, मग तू काय केलंस? निरोपाने इंटरव्ह्यू वाचत नाही, तो कुठे खोदायचा ते कळतं.

आणखी एक गोष्ट. जोरदार शिफारस करायला कुणीतरी तुमचं काम जवळून पाहिलेलं असावं लागतं, आणि त्यातही माणसं आपल्या कॉलेजची, आपल्या बोलीची, आपल्यासारखी माणसं चटकन लक्षात ठेवतात. ज्या मुलीला असा आर्किटेक्ट कधी भेटलाच नाही, तिच्या अर्जासोबत निरोप नसतो आणि तिच्या कामाबद्दल त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यामुळे रेझ्युमेची पहिली चाळणी निरोप बाजूला ठेवून, सगळ्यांना एकाच निकषावर लावून करावी आणि निरोप नंतर उघडावा. मोठ्या पदावरच्या माणसाचं नाव आधी दिसलं की पुढचं सगळं त्याच्या उजेडात वाचलं जातं.

ज्यांच्यासाठी हे निरोप जातात त्यांनाही आपल्या वरिष्ठांचा निरोप कुठल्या जातीचा आहे हे बरंचसं आधीच ताडता येतं. ‘रेझ्युमे पाठवून ठेव, बघतो’ असं उत्तर आलं तर तो शिष्टाचार आहे, त्याबद्दल आभार मानावेत आणि आपले अर्ज चालू ठेवावेत. वरिष्ठांनी जागेचं वर्णन मागितलं, त्या अमुक प्रोजेक्टमध्ये तू नेमकं काय केलं होतंस ते दोन ओळींत लिहून दे म्हणाले, कुणाच्या हाताखाली काम असेल असं विचारलं, तर त्यांनी लिहायला बसायचं ठरवलं आहे. आणि त्यांनी स्पष्टच सांगितलं, की ‘तुझं ऑटोमेशनचं काम मी पाहिलेलं नाही, त्याबद्दल मी काही लिहू शकणार नाही’, तर ते काम ज्यांनी पाहिलं आहे अशा माणसाचं नाव त्यांच्याकडेच मागावं. तो माणूस हुद्द्याने लहान असला तरी चालेल.